सरकारी भरतीची जाहिरात : वय कोणत्या तारखेला मोजतात? एका दिवसाच्या फरकाने अर्ज कसा बाद होतो, समजून घ्या

१ ऑगस्ट १९९२ आणि २ ऑगस्ट १९९२. या दोन तारखांना जन्मलेल्या दोन उमेदवारांमध्ये एका दिवसाचेच अंतर आहे. तरीही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गातून पहिला अपात्र ठरत होता आणि दुसरा पात्र. कारण त्या जाहिरातीत वय मोजण्याची तारीख होती १ ऑगस्ट २०२४, आणि अट होती त्या दिवशी वयाची ३२ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. पहिल्याची ३२ वर्षे नेमकी त्याच दिवशी पूर्ण होतात. दुसरा त्या दिवशी ३१ वर्षांचाच असतो, त्याला ३२ पूर्ण व्हायला आणखी एक दिवस लागतो.

गंमत अशी की, ही पूर्वपरीक्षा मुळात २६ मे रोजी होणार होती. लोकसभा निवडणुकीमुळे ती १६ जूनला गेली. वय मोजण्याची तारीख मात्र जागची हलली नाही. परीक्षेचा दिवस, अर्जाचा शेवटचा दिवस आणि वय मोजण्याचा दिवस या तीन वेगळ्या तारखा असतात आणि जाहिरातीत त्या वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या असतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या 'भरती अपडेट'च्या रंगीत पोस्टरवर यांतली बहुतेक वेळा एकच दिसते, ती म्हणजे अर्जाची शेवटची तारीख.

आधी मूळ जाहिरात शोधा

पोस्टरवरून फक्त एक गोष्ट घ्यावी : जाहिरात क्रमांक. तो घेऊन थेट संबंधित आयोगाच्या किंवा विभागाच्या संकेतस्थळावर जावे. राज्य लोकसेवा आयोगासाठी mpsc.gov.in, केंद्रीय आयोगासाठी upsc.gov.in आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनसाठी ssc.gov.in. तिथे त्या क्रमांकाची पीडीएफ नसेल, तर पोस्टरवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

पत्त्याच्या शेवटी gov.in आहे की नाही, एवढ्यावर मात्र अवलंबून राहू नका. राज्यातील अनेक सरळसेवा भरती परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस या संस्थांमार्फत होतात, त्यामुळे खरा अर्जही दुसऱ्याच पत्त्यावर उघडू शकतो. म्हणून अर्जाची लिंक मेसेजमधून उघडण्याऐवजी विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उघडणे सुरक्षित.

३८, ४३, ३१, ३४ : राज्याचे गणित

महाराष्ट्रात राज्य सेवेसाठी कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. हे आकडे अनेकांच्या तोंडपाठ असतात आणि तिथेच घोळ होतो. आयोग पदानुसार वेगळी मर्यादा लावतो. पोलीस उपनिरीक्षक पदासाठी ती खुल्या प्रवर्गाला ३१ आणि मागासवर्गीयांना ३४ आहे. एकाच संयुक्त परीक्षेचा अर्ज भरणारा ३३ वर्षांचा खुल्या प्रवर्गातील उमेदवार इतर काही पदांसाठी पात्र आणि उपनिरीक्षकासाठी अपात्र असू शकतो. त्यामुळे 'परीक्षेचे वय' न पाहता तक्त्यात आपल्या पदासमोरची ओळ पाहावी.

जुनी जाहिरात पाहून अंदाज बांधणे तर आणखी धोक्याचे. करोनाकाळात भरती रखडल्यामुळे राज्य सरकारने मार्च २०२३ मध्ये कमाल वयात दोन वर्षांची सूट दिली होती. पण ती ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींपुरतीच होती. त्या काळातली जाहिरात आज वाचणाऱ्याला खुल्या प्रवर्गासाठी ४० हा आकडा दिसतो आणि तो कायमचा नियम वाटू शकतो.

एकच उमेदवार, दोन सरकारे

समजा, एका उमेदवाराचे वय ३४ आहे आणि त्याच्याकडे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे, म्हणजे ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र आहे. राज्य सेवेत या घटकालाही वयाची सवलत असल्याने त्याची मर्यादा ४३ होते. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत ईडब्ल्यूएसला जागांचे आरक्षण आहे, वयाची सवलत नाही. तिथे त्याचे दार ३२ व्या वर्षीच बंद झालेले असते. तोच उमेदवार ओबीसी असता तर केंद्रात त्याला तीन वर्षांची सवलत मिळून मर्यादा ३५ झाली असती.

पण ओबीसींसाठीही राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगळी आहे. जात राज्याच्या यादीत असली म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, आणि केंद्रासाठी प्रमाणपत्राचा नमुनाही वेगळा लागतो. एसईबीसी आरक्षण फक्त राज्यापुरते आहे. त्यामुळे मराठा समाजातील उमेदवाराला राज्यासाठी एसईबीसी आणि केंद्रासाठी, निकषांत बसत असल्यास, ईडब्ल्यूएस अशी दोन वेगळी कागदपत्रे सांभाळावी लागतात.

प्रमाणपत्रावरची तारीख ही आणखी एक अडचण. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र १ एप्रिल २०२३ नंतरचे, पण अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतले हवे होते. त्याआधीचे जुने चालत नव्हते आणि 'निवड झाल्यावर काढू' म्हणून नंतर काढलेलेही चालत नव्हते. तहसील कार्यालयात दाखल्याला लागणारे दिवस पाहता जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच दाखला काढून ठेवणे सोयीचे.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी शैक्षणिक अर्हतेची तारीखही पाहावी. राज्य आणि केंद्राच्या नागरी सेवांची पूर्वपरीक्षा त्यांना देता येते, पदवीचा पुरावा मुख्य परीक्षेच्या टप्प्यावर लागतो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या २०२४ च्या पदवीधर स्तर परीक्षेत मात्र १ ऑगस्ट २०२४ पर्यंत निकाल जाहीर झालेला असणे आवश्यक होते. परीक्षा दिली आहे, निकाल पुढच्या आठवड्यात आहे, हे तिथे चालत नाही.

वेळापत्रक बदलले, तर कळणार कुठे?

राज्य सेवा पूर्वपरीक्षा २०२४ चा प्रवास पाहा. जाहिरात निघाली तेव्हा जागा होत्या २७४ आणि परीक्षेचा दिवस २८ एप्रिल. पुढे एसईबीसी आरक्षण लागू झाल्यावर सुधारित जाहिरात आली, जागा ५२४ झाल्या आणि तारीख ६ जुलै ठरली. मग २१ जुलै, मग २५ ऑगस्ट. त्याच दिवशी आयबीपीएसची परीक्षाही असल्याने पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले आणि अवघे तीन दिवस आधी परीक्षा पुन्हा पुढे ढकलण्यात आली. अखेर ती १ डिसेंबरला झाली.

यातले बदल आयोगाच्या संकेतस्थळावर शुद्धिपत्रक किंवा प्रसिद्धिपत्रक म्हणून येत गेले. मूळ पीडीएफ मोबाइलमध्ये जपून ठेवणाऱ्याला ते दिसत नाहीत. शिवाय शुद्धिपत्रकात केवळ तारीख बदलते असे नाही. या प्रकरणात जागाच जवळपास दुप्पट झाल्या आणि आधी अर्ज केलेल्या मराठा उमेदवारांना एसईबीसीचा दावा करण्यासाठी ठरावीक मुदत मिळाली. मुदत संपल्यावर ती लिंक बंद झाली. अर्ज भरून झाला तरी आठवड्यातून एकदा त्याच जाहिरात क्रमांकाने संकेतस्थळावर शोधावे, आणि नवे शुद्धिपत्रक दिसले तर परीक्षेच्या तारखेआधी त्यातला प्रवर्गनिहाय जागांचा तक्ता आणि दाव्याची मुदत वाचावी.