करार संपल्याचं कसं कळवाल?

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. गुणवत्ता तपासणीत काम करणाऱ्या एका ताईंचा करार ३१ मार्चला संपतोय आणि कंपनी तो वाढवणार नाही. ताई सुट्टी घेऊन गावी गेल्या आहेत. समोर बसवून सांगणं सर्वांत चांगलं, पण त्या परत येईपर्यंत थांबलं तर ही बातमी आधी दुसऱ्याच कुणाकडून त्यांच्या कानावर जाईल. सुपरवायझरच्या हातात फोन आहे. लिहावं, की आवाजात बोलून पाठवावं?

बहुतेकांचा हात आपसूक माइककडे जातो, कारण वाईट बातमी टाइप करताना शब्द कोरडे वाटतात. ही भावना खोटी नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्य गंभीरपणे म्हटलंय की उपरोधाने, हे समोरच्याला ओळखायचं होतं. ईमेल पाठवणाऱ्यांना खात्री होती की आपला सूर कळेल. वाचणाऱ्यांचं उत्तर मात्र नाणं उडवून द्यावं त्यापेक्षा फारसं बरं नव्हतं. आवाज ऐकणाऱ्यांना तोच सूर बराच अधिक कळला. म्हणजे ‘तुमच्या कामात खोट नव्हती’ हे वाक्य ताईंना आवाजातच खरं वाटेल. लिहिलेलं असेल तर कंपनीच्या छापील पत्रातलं वाटण्याची भीती आहे.

पण आवाजाची अडचण वेगळीच आहे. आत काय आहे, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. व्हॉट्सॲपच्या सूचनेत फक्त माइकचं चिन्ह आणि कालावधी दिसतो. ताई एसटीत असतील, शेजारी सासूबाई असतील, आणि स्पीकरवर सुरू झालेला निरोप सगळ्यांच्या देखत नोकरी गेल्याचं सांगेल. त्यात सुपरवायझर संकोचाने आधी गावची चौकशी करतो, मग कंपनीच्या ऑर्डरी कमी झाल्याचं सांगतो, मग कामाचं कौतुक करतो. दोन मिनिटांच्या निरोपात मूळ गोष्ट दीड मिनिटानंतर येते, तीही ‘सध्या तरी पुढचं काही जमेल असं दिसत नाही’ अशा मऊ शब्दांत. ताईंना त्यात आशा ऐकू येते. आकड्यांचंही तसंच: त्रेपन्न की त्रेसष्ट, हे गाडीच्या आवाजात चटकन कळत नाही आणि तेवढंच परत ऐकायला पट्टी मागेपुढे सरकवत बसावं लागतं.

लिखित मजकुराची गळती दुसऱ्या बाजूने होते. फोन बंद असला तरी पहिली ओळ पडद्यावर झळकू शकते. ‘तुमचा करार वाढवणार नाही’ ही पहिली ओळ घरातलं मूलही वाचू शकतं.

म्हणून माझं मत असं, की यात एकाची निवड करू नये. दोघांना कामं वाटून द्यावीत. आधी लिहावं: ‘ताई, तुमच्या कराराबद्दल बोलायचं आहे. एकट्या असाल तेव्हा कळवा, लगेच फोन करतो.’ विषय सांगितल्याने त्या तयार राहतात. मात्र आपण खरोखर मोकळे असू तेव्हाच हे पाठवावं. रात्री अकराला पाठवून सकाळी फोन करणं म्हणजे त्यांची झोप उडवणं.

गावात रेंज नसल्याने फोन लागतच नसेल, तर आवाजी निरोप. तोही मिनिटाच्या आत, आणि पहिल्या दोन-तीन वाक्यांतच बातमी: ‘ताई, वाईट बातमी आहे. ३१ मार्चनंतर तुमचा करार कंपनी वाढवणार नाही. निर्णय झालेला आहे.’ त्यानंतर कारण, कामाबद्दलचे मनातले शब्द, आणि आपण काय मदत करू शकतो ते. पाठवण्याआधी स्वतः एकदा ऐकावं. लिखित संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, बोललेला नाही.

पाठोपाठ लिखित तपशील: शेवटचा दिवस, उरलेला पगार कधी जमा होईल, शिल्लक रजेचं काय, पीएफसाठी कुणाला भेटायचं. पहिली ओळ साधी ठेवावी, ‘ताई, मघाशी बोललो त्याचे तपशील’. हे त्या नवऱ्याला दाखवतील, दोनदा वाचतील. अर्थात हा मेसेज म्हणजे कायदेशीर नोटीस नव्हे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिनाभर आधी कारणासह लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. ठरलेल्या मुदतीचा करार संपणं वेगळं, पण त्याचंही पत्र स्वतंत्रपणे गेलं पाहिजे.

माइकचं चिन्ह निळं झालं, म्हणजे निरोप ऐकला गेला. लगेच ‘ऐकलंत का?’ विचारू नये. पण त्यांचं उत्तर नीट वाचावं. ‘बरं साहेब, मग एप्रिलमध्ये कोणत्या शिफ्टला येऊ?’ असं आलं, तर बातमी पोचलेलीच नाही. तेव्हा पुन्हा निरोप नको. काहीही करून फोन जोडून द्यावा आणि तेच वाक्य सावकाश, स्पष्ट सांगावं.