मधली साडेतीन वर्षे

माझ्या भाचीने २०२१ मध्ये वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि ती राज्यसेवा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यास गेली. दोनदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाली. मुख्य परीक्षेच्या पुढे मात्र जाता आले नाही. यंदा तिने एका कंपनीच्या लेखाविभागात अर्ज करावयाचे ठरविले, तेव्हा प्रश्न उभा राहिला, की ही साडेतीन वर्षे कोठे दाखवावयाची?

मेहुण्यांनी सहजच म्हटले, “पेढीच्या कागदावर अनुभवाचा दाखला देतो, त्यात काय!” आपल्या घरांत ही सूचना हमखास होते. नोकरभरतीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून मी त्यांना अडविले. पार्श्वभूमी तपासणारी माणसे दाखल्यापाशी थांबत नाहीत. ती पगारपत्रके आणि तो पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी मागतात. लहान पेढीत भविष्य निर्वाह निधीचे खाते नसते हे त्यांनाही ठाऊक असते. पण साडेतीन वर्षांत पगाराची एकही रक्कम खात्यावर नसेल, तर दाखला खोटा ठरतो आणि हाती आलेले नियुक्तिपत्रही परत घेतले जाते.

शेवटी तिने अर्जासोबतच्या ई-पत्रात एवढेच लिहिले :

“जुलै २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात मी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी करीत होते. २०२२ व २०२३ च्या पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाले. मुख्य परीक्षेतून मुलाखतीसाठी निवड झाली नाही. २०२४ च्या एप्रिलपासून वडिलांच्या पेढीत विनावेतन, आठवड्यातून दोन दिवस, खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी ताडून पाहत असे. ही परीक्षा मी यापुढे देणार नाही.”

पेढीतील काम खरे होते, म्हणून ते लिहिले. आणि ‘विनावेतन’ हा शब्द मी मुद्दाम घालावयास लावला, कारण तो असला की पगारपत्रक कोणी मागत नाही. दर महिन्याच्या चौदा तारखेस पोर्टलवर हे विवरण तयार होते. पुरवठादाराने आपले विवरण भरले नसेल, तर त्याचे बिल त्यात दिसत नाही आणि त्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. अशी बिले हुडकून पुरवठादारास दूरध्वनी करणे हे तिचे काम. लेखाविभागाच्या माणसास याहून अधिक सांगावे लागत नाही.

शेवटच्या वाक्यावर मात्र ती दोन दिवस अडखळली. खुल्या वर्गासाठी या परीक्षेची वयोमर्यादा अडतीस वर्षांची आहे. चोविशीतल्या उमेदवाराला घेतले आणि पुढल्या जाहिरातीला तो निघून गेला, ही भीती भरती करणाऱ्याच्या मनात असतेच. गेलेल्या वर्षांपेक्षा तो याचाच विचार अधिक करतो. मी तिला म्हटले, “पुन्हा बसावयाचे मनात असेल तर हे वाक्य खोड. बाकीचे पत्र तसेच राहू दे.”

तिसऱ्या दिवशी तिने ते वाक्य न खोडता पत्र धाडले. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच वाक्यावर आला, दुसरा न दिसणाऱ्या बिलांविषयी. दुसऱ्यावर ती पंधरा मिनिटे बोलत होती.