उत्तरतालिकेवर हात ठेवून

लोणार सरोवरावरचा एक साधा उतारा घ्या. सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. काळ्या बेसाल्टच्या पठारावर उल्का आदळून ते विवर तयार झाले, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि पाणी खारे, अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी दिसू लागले. रंग शैवालामुळे आला असावा असा सुरुवातीचा अंदाज होता. पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे दिसले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतरचे महाराष्ट्रातले हे दुसरे रामसर स्थळ.

आता असा उतारा संगणकाला देऊन त्यावर बहुपर्यायी प्रश्न काढून घेतले, तर ‘लोणारचे पाणी गुलाबी कशामुळे झाले?’ हा प्रश्न हमखास येणार. पर्याय चार: शैवाल, हॅलोआर्किया, लोहखनिज, औद्योगिक सांडपाणी. उत्तर म्हणून ‘शैवाल’ छापून येऊ शकते, कारण उताऱ्यात रंग आणि शैवाल हे शब्द एकाच वाक्यात शेजारी आहेत; खरे कारण ‘पण’च्या पलीकडे आहे. ‘महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ कोणते?’ या प्रश्नालाही ‘लोणार’ हे उत्तर लागू शकते, कारण उतारा लोणारचा आहे. दोन्ही प्रश्नांची भाषा शुद्ध, पर्याय नेटके, आणि तालिका ज्या उताऱ्यातून निघाली त्याच्याच विरोधात जाणारी. अभ्यासाची ॲप, सराव परीक्षा आणि भाषा समजणारी यंत्रे पारखण्याच्या चाचण्या यांसाठी असे प्रश्न आता हजारांच्या घरात तयार होतात. ते तपासायचे कसे?

वाचणाऱ्याची पहिली चूक साधी असते. तो प्रश्न वाचतो, खाली ‘उत्तर: शैवाल’ हे पाहतो, मग उताऱ्यात जाऊन शैवाल शोधतो. शैवाल तिथे असतेच. बरोबरची खूण करून तो पुढे जातो. म्हणून तपासणीचा पहिला नियम असा, की उत्तर झाकायचे. आधी फक्त प्रश्न आणि उतारा समोर ठेवून स्वतः उत्तर काढायचे, ज्या वाक्यावरून काढले ते वाक्य टिपून ठेवायचे आणि मगच तालिका उघडायची. दोन उत्तरे जुळली नाहीत तर तो प्रश्न दुसऱ्या तपासनिसाकडे जातो, आणि पहिल्याने काय लिहिले हे त्यालाही दाखवायचे नसते. वाक्य टिपण्याचा आग्रह कंटाळवाणा वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. बोट ठेवायला वाक्य सापडत नसेल, तर उत्तर उताऱ्यातून आलेले नाही, तपासनिसाच्या सामान्य ज्ञानातून आले आहे.

काही चुका मात्र एकही प्रश्न न वाचता पकडता येतात. प्रश्न साठवलेल्या फाईलमध्ये एक नोंद साधारण अशी दिसते:

```
"options": ["वाशिम", "बुलढाणा", "अकोला", "जालना"],
"answer": 2
```

लोणार कोणत्या जिल्ह्यात आहे, याचे हे पर्याय. आपण एकपासून मोजतो, म्हणून दुसरा पर्याय बुलढाणा. संगणकाच्या बऱ्याच भाषा शून्यापासून मोजतात. त्यांच्या लेखी 2 म्हणजे अकोला. प्रश्न बनवणारा प्रोग्राम एकपासून मोजत असेल आणि दाखवणारा शून्यापासून, तर सगळी तालिका एका घराने सरकते. ओळखायला सोपे आहे. अशा संचात पहिला पर्याय कधीच बरोबर ठरत नाही, आणि ज्या प्रश्नांचे उत्तर चौथा पर्याय आहे त्यांना उत्तरच सापडत नाही. कोणता पर्याय किती वेळा बरोबर येतो, एवढी मोजणी आधी करून घेतली की हा प्रकार लगेच उघडा पडतो.

याचेच एक भावंड आहे, आणि ते जास्त फसवे आहे. विद्यार्थ्यांनी पाठांतर करू नये म्हणून पर्यायांचा क्रम मागाहून बदलला जातो. त्या वेळी तालिकेतला क्रमांक बदलायचा राहिला, तर बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नालाही चुकीची तालिका चिकटते. इथे मोजणीतून काही कळत नाही, कारण चारही पर्याय सारख्याच प्रमाणात येत राहतात. मदतीला येते ते स्पष्टीकरण. उत्तर ‘जालना’ आणि खाली स्पष्टीकरणात ‘बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर...’ असे असेल, तर प्रश्न समजून न घेताही विसंगती दिसते. म्हणून स्पष्टीकरणात तालिकेतला शब्द येतो का, हे संगणकाकडूनच आधी ताडून घ्यावे. सगळ्या चुका यात सापडत नाहीत, पण माणसाचे डोळे पुढच्या कामासाठी राखले जातात.

यंत्राने तालिका तयार करण्याची पद्धतच बिनचूक असेल तर? २०१५ साली डीपमाइंडच्या संशोधकांनी एक हुशार युक्ती केली. सीएनएन आणि डेली मेल यांच्या संकेतस्थळांवर बातमीसोबत ठळक मुद्दे दिलेले असत. त्या मुद्द्यातले एक नाव काढून तिथे रिकामी जागा ठेवायची, आणि बातमी वाचून ते नाव ओळखायचे. काढलेले नाव हेच उत्तर, म्हणजे तालिका चुकायला वावच नाही. असे दहा लाखांहून जास्त प्रश्न तयार झाले. सामान्य ज्ञानावर कोणी उत्तर देऊ नये म्हणून बातमीतली सगळी नावे पुसून त्यांच्या जागी `@entity12` अशा खुणा घातल्या होत्या.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डांची चेन, जेसन बोल्टन आणि ख्रिस्तोफर मॅनिंग यांनी सीएनएनच्या प्रश्नांतले १०० प्रश्न काढले आणि एकेक वाचून त्यांचे वर्गीकरण केले. ८ प्रश्नांत खुणांचीच गफलत होती. म्हणजे कोणते नाव कोणाचे, हे जुळवताना यंत्र चुकले होते. आणखी १७ प्रश्न असे, की माणसालाही बातमी वाचून खात्रीने उत्तर देता येणे अवघड होते, कारण मुद्द्यातली माहिती बातमीत पुरेशी नव्हतीच. शंभरातले पंचवीस. लाखो प्रश्नांच्या संचाबद्दल ही गोष्ट शंभर प्रश्न नीट वाचून कळली. या प्रश्नांवर यंत्रांचे गुण तोवर सत्तरीच्या पुढे गेले होते, तेव्हा आणखी वर चढायला फारशी जागा उरलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. उत्तर आणि प्रश्न एकाच साच्यातून बरोबर निघाले, तरी प्रश्नाला उताऱ्याचा आधार आहे याची हमी मिळत नाही, हे मला या उदाहरणातले खरे सार वाटते.

मग शंभरच का? आणि शंभर पुरतात का? समजा, २०,००० प्रश्नांचा संच आहे. उतारा उघडून, उत्तर झाकून एक प्रश्न तपासायला तीन मिनिटे धरली तरी एकूण १,००० तास होतात. एवढा वेळ कोणी देत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही ४०० प्रश्न उचलायचे. त्यांत २४ चुकीचे निघाले, तर चुकीचे प्रमाण ६ टक्के. पण नमुन्यातल्या नशिबाचा भाग धरून पूर्ण संचातले खरे प्रमाण ४ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असावे, असे म्हणता येते. म्हणजे ८०० ते १,८०० चुकीचे प्रश्न. आणि नमुन्यात एकही चूक सापडली नाही तर? ३०० प्रश्न निर्दोष निघाले तरी चुकांचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते. २०,००० मध्ये ते २०० प्रश्न झाले. ‘नमुना तपासला, सगळे ठीक’ असा शेरा वाचताना हा आकडा डोक्यात असावा.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच भांड्यात सारखा शिजतो. प्रश्नसंच तसा शिजत नाही. एकेका उताऱ्यावर आठ-दहा प्रश्न काढलेले असतात आणि उतारा नीट समजला नसेल तर त्याचे बरेचसे प्रश्न एकदम बिघडतात. म्हणून फाईलच्या सुरुवातीचे ४०० घेऊन भागत नाही. संचभर विखुरलेले घ्यावे लागतात. शिवाय काही जातीचे प्रश्न मुळातच आजारी असतात. ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे?’ ही त्यातली मोठी जात. इथे यंत्र बरेचदा खरे विधान उत्तर म्हणून देते, कारण उताऱ्याशी जुळणारे ते नेमके ओळखते आणि प्रश्नातला नकार विसरते. सनावळ्या, ‘पहिले’-‘दुसरे’, ‘सर्वांत मोठे’ आणि ‘यांपैकी सर्व’ असा पर्याय असलेले प्रश्न याच पंगतीतले. या जाती शब्द शोधून वेगळ्या काढता येतात, आणि माझे मत असे, की त्या नमुन्यावर न सोडता सगळ्याच्या सगळ्या वाचाव्यात.

एक सोपा वाटणारा उपाय म्हणजे दुसऱ्याच यंत्राकडून सगळे प्रश्न सोडवून घेणे आणि जिथे त्याचे उत्तर तालिकेशी जुळत नाही ते बाजूला काढणे. २०२१ मध्ये विकिपीडियावरून सुमारे साडेसहा कोटी प्रश्न तयार करणाऱ्या संशोधकांनी ही चाळणी वापरली होती. चाळणी चांगली आहे, पण तिला अर्धीच बाजू दिसते. दोन्ही यंत्रांना एकाच तऱ्हेच्या लिखाणाची सवय असेल, तर दोघेही ‘पण’च्या अलीकडे थांबून ‘शैवाल’च म्हणतील आणि चूक एकमताने मंजूर होईल. म्हणून जुळलेल्या उत्तरांच्या ढिगातूनही थोडे प्रश्न माणसाने वाचावे लागतात.

सगळ्यात किचकट प्रकरण निराळेच आहे. तालिका उताऱ्याशी तंतोतंत जुळते, पण उताराच जुना असतो. लोणार विवराचे वय जुन्या लिखाणात सुमारे ५२,००० वर्षे दिलेले असते. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने काढलेला तो आकडा होता. पुढे अरगॉन समस्थानिकांवरून केलेल्या मोजणीत ते वय काही लाख वर्षांवर गेले. एका संचात दोन्ही काळातले उतारे असतील, तर ‘लोणार विवराचे वय किती?’ हा प्रश्न दोनदा येतो, आणि दोन्ही वेळा वेगळी, पण आपापल्या उताऱ्याशी इमानदार तालिका घेऊन येतो. उतारा-प्रश्न असे एकेक तपासणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. त्यासाठी सारखे प्रश्न एकत्र लावून त्यांची उत्तरे शेजारी ठेवावी लागतात.

इथे तपासनिसाने स्वतःच्या ज्ञानावर तालिका बदलू नये. नोंदीत दोन रकाने वेगळे ठेवावेत, ‘उताऱ्याशी जुळते का’ आणि ‘वस्तुस्थितीशी जुळते का’. पहिल्यात ‘नाही’ असेल तर तालिका दुरुस्त करायची. दुसऱ्यात ‘नाही’ असेल तर विषयाच्या जाणकाराकडे द्यायचे, आणि निर्णय होईपर्यंत प्रश्न बाहेर ठेवायचा. वाचून समजते का हे पारखणारी चाचणी असेल, तर जुन्या उताऱ्याचे ५२,००० चालेल, पण मग प्रश्न ‘उताऱ्यानुसार’ या शब्दाने सुरू व्हायला हवा. सामान्य ज्ञानाच्या संचात तो प्रश्न जाताच कामा नये. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका देतो. काही प्रश्न त्यात रद्दही होतात. यंत्राने काढलेल्या हजारो प्रश्नांवर हरकत घ्यायला उमेदवार बसलेले नसतात. ते काम आधीच करून ठेवावे लागते.

दुरुस्ती झाली की त्याच संचातून नव्याने ४०० प्रश्न काढायचे, आधीचे वगळून. दुरुस्तीतही चुका शिरतात. तालिकेत ‘शैवाल’ खोडून ‘हॅलोआर्किया’ लिहिले जाते, आणि खालच्या स्पष्टीकरणात शैवाल तसेच राहते.