निकालातील ‘सिद्ध झाले’ आणि अपिलाची कारणे

दावा हरल्यावर घरात पहिली वाक्ये उमटतात ती अशी : ‘न्यायाधीशांनी आमचे ऐकलेच नाही’, ‘साक्षीदार धडधडीत खोटे बोलला’. हीच वाक्ये थोडी कायद्याची झूल पांघरून अपिलाच्या कागदावर उतरतात. ‘खालील न्यायालयाचा निकाल कायद्याच्या व पुराव्याच्या विरुद्ध आहे’ हे कारण आम्ही इतक्या अपिलांत वाचले आहे की, ते आता कोणी वाचत असेल असे आम्हांस वाटत नाही. निकाल घटनेविषयीच्या निष्कर्षावर उभा असला, म्हणजे अमुक घडले की नाही एवढ्यावरच, तर असे कारण जवळजवळ निरुपयोगी ठरते.

एक नमुन्याचा दावा घेऊ. तो कल्पित आहे, पण इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांस अपरिचित वाटणार नाही. वडिलांनी स्वकमाईने घेतलेले घर. पत्नीच्या मागे १९८९ साली तेही गेले. वारस दोघे पुत्र. धाकटा नोकरीनिमित्त बाहेर. २०१८ साली त्याने वाटणी मागितली तेव्हा थोरला म्हणाला, ‘१९९२ सालीच तोंडी वाटणी झाली, तू रोख रक्कम घेतलीस, घर माझे.’ न्यायालयाने थोरल्याची व एका शेजाऱ्याची साक्ष ग्राह्य धरली आणि दावा फेटाळला.

आता निकाल एका हाती व साक्षींच्या नकला दुसऱ्या हाती घेऊन बसावे. निकालाच्या चौदाव्या परिच्छेदात लिहिले आहे की, शेजारी वाटणीच्या बैठकीस ‘स्वतः हजर’ होता. उलटतपासणीत मात्र तोच म्हणतो, ‘मी बैठकीस नव्हतो, थोरल्याने मला नंतर सांगितले.’ म्हणजे त्याची साक्ष ऐकीव झाली. दुसरे, धाकट्याने दाखल केलेले थोरल्याचे १९९६ सालचे मराठी पत्र. त्यात मजकूर आहे : ‘छपराचा खर्च निम्मा निम्मा करू, घर दोघांचेच आहे.’ पत्रावर प्रदर्शाचा क्रमांक पडला (महाराष्ट्रात यालाच निशाणी म्हणतात), हिंदी भाषांतरही जोडले गेले. परंतु निकालात त्याचा उल्लेखच नाही. तिसरे, वाटणी झाली नव्हती हे धाकट्याने सिद्ध केले नाही, असे न्यायालय म्हणते. वस्तुतः ती झाली असे म्हणणाऱ्यावरच सिद्धतेचा भार असतो.

यांतून कारणे अशी लिहावी : ‘शेजारी बैठकीस हजर होता हा परिच्छेद १४ मधील निष्कर्ष त्याच्या उलटतपासणीतील स्पष्ट कबुलीच्या विरुद्ध आहे.’ ‘प्रतिवादीचे १९९६ चे पत्र, ज्यात घर दोघांचे असल्याची कबुली आहे, ते विचारात घेतलेले नाही.’ ‘वाटणीच्या सिद्धतेचा भार चुकीने वादीवर टाकला.’ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकेचाळिसाव्या आदेशाचा पहिला नियम हेच मागतो : कारणे थोडक्यात, वेगवेगळ्या शीर्षकांखाली, क्रमवार, आणि युक्तिवाद वा हकीकत न मिसळता. कबुलीचे महत्त्व किती, हे सुनावणीत सांगावयाचे.

थोरल्याची स्वतःची साक्ष मात्र राहतेच. ‘तो खोटा माणूस आहे’ हे कारण लिहिण्याचा मोह येथे आवरावा. साक्षीदारास समोर पाहून न्यायाधीशाने बनविलेले मत अपील न्यायालय सहसा उलथवीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली सरजू प्रसाद प्रकरणात म्हटले की, साक्षीत न्यायाधीशाच्या नजरेतून सुटलेली काही विशेष गोष्ट असावी किंवा साक्षच असंभाव्य दिसावी, तरच हात घालावा. आमच्या थोरल्याच्या बाबतीत ती सुटलेली गोष्ट म्हणजे ते पत्र! चार वर्षांपूर्वी घर एकट्याचे झाले असेल तर ‘दोघांचेच’ का लिहावे? म्हणून त्याच्या साक्षीविरुद्धचे कारण पत्रालाच बांधावे, त्याच्या स्वभावाला नव्हे.

पहिल्या अपिलात घटना व कायदा दोन्ही खुले असतात. २००१ सालच्या संतोष हजारी निकालाने ते पुन्हा ठासून सांगितले. पण ही संधी बहुधा एकदाच मिळते. उच्च न्यायालयातील दुसरे अपील १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच उरले आहे. ‘साक्ष नीट तोलली नाही’ एवढ्यावर तेथे दार उघडत नाही.

जिल्हा न्यायालयातील अपिलास मुदत तीस दिवसांची, उच्च न्यायालयात जावयाचे असल्यास नव्वद. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालानंतर लगेच करावा. आणि पत्राच्या हिंदी भाषांतरात ‘दोघांचेच’ मधला ‘च’ उतरला आहे की नाही, हे कारणे लिहिण्यापूर्वी मूळ पत्राशी ताडून पाहावे. भाषांतर चुकले असेल तर तेही स्वतंत्र कारण म्हणून घालावे, कारण निवेदनात नसलेले कारण पुढे न्यायालयाच्या परवानगीवाचून मांडता येत नाही.