जुन्या स्टुडिओ फोटोचा डागाळलेला पडदा: पुसण्याआधी लाल चॅनेल बघा

घरात एखादा तरी ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतोच. आजी-आजोबा खुर्चीवर, मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, जिना नाहीतर बाग. चेहरे बरे असतात, पण पडद्यावर ओल लागून मोठा पिवळट-तपकिरी डाग पडलेला असतो. असा फोटो स्कॅन केला की बरेच जण थेट क्लोन टूल घेतात किंवा अख्खं बॅकग्राउंड कापून नवीन लावतात. पण बहुतेक वेळा डागाखालचा पडदा शाबूत असतो, तो फक्त झाकला गेलेला असतो.

पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, लाल मात्र बऱ्यापैकी परत पाठवतो. त्यामुळे स्कॅनच्या निळ्या चॅनेलमध्ये तो गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीतच करायचा. ग्रेस्केलमध्ये स्कॅन केला की तिन्ही चॅनेल एकत्र मिसळतात आणि डाग वेगळा काढायची सोय राहत नाही. 600 dpi, 48-bit रंग आणि TIFF फाइल ठेवा. JPEG नको, कारण पडद्याच्या मऊ छटांमध्ये त्याचे चौकोन पुढे उठून दिसतात.

आता GIMP मध्ये फाइल उघडा आणि हे करा:

```
Colors → Components → Decompose
Color model: RGB
```

लाल, हिरवा आणि निळा असे तीन ग्रेस्केल लेअर मिळतील. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून एकेक बघा. समजा, निळ्या लेअरमध्ये स्वच्छ पडदा 150 आणि डाग 95 आहे, पण लाल लेअरमध्ये हेच आकडे 172 आणि 166 आहेत. म्हणजे 55 चा फरक 6 वर आला, आणि तोही एकही ब्रश न फिरवता. उरलेल्या 6 साठी डागाभोवती सिलेक्शन करा, त्याच्या कडा भरपूर मऊ करा (`Select → Feather`) आणि `Curves` ने तेवढा भाग किंचित उजळा.

डागाच्या कडेची गडद रेघ मात्र अशी जाणार नाही. पाणी वाळताना तिथे मळ साचतो आणि मळ तिन्ही चॅनेलमध्ये काळपटच दिसतो. त्या रेघेपुरतं `Heal` टूल वापरा.

फिकेपणाचा प्रश्न वेगळा आहे. काही फोटोंमध्ये चित्र बनवणारी चांदीच रासायनिक बदलाने पिवळी पडते. तिथे पिवळा रंग म्हणजे डाग नसून चित्रच आहे! लाल चॅनेल घेतलं तर चेहऱ्याच्या हलक्या छटा उडून जातात. त्या हिरव्या किंवा निळ्या चॅनेलमध्ये टिकलेल्या असतात. ओळखायचं कसं? लाल लेअरमध्ये कपाळ, गाल सपाट पांढरे दिसले तर समजून घ्या. अशा वेळी पडदा लाल लेअरमधून घ्या. त्यावर हिरवा लेअर ठेवा, त्याला काळा मास्क लावा आणि चेहऱ्यांवर पांढऱ्या मऊ ब्रशने रंगवा. दोन्हींचा उजेड `Curves` ने जुळवा. सेपिया फोटोलाही हाच नियम, कारण तिथे चित्रच तपकिरी असतं. हाताने रंगवलेल्या फोटोत मात्र एकच चॅनेल घेतलं तर रंगच जातील.

सगळ्यात शेवटी `Levels`. हिस्टोग्राम 70 ते 190 मध्येच अडकला असेल तर दोन्ही टोकं आत ओढा. हे 16-bit मध्येच करा, नाहीतर पडद्यावर पट्टे दिसू लागतात.

मग पडदा बदलायचा कधी? बुरशीने फोटोचा थरच खाल्ला असेल आणि खाली कोरा कागद दिसत असेल, तेव्हा. तिथे कोणत्याच चॅनेलमध्ये माहिती उरलेली नसते. तेव्हाही आधी त्याच पडद्याचा शिल्लक भाग क्लोन करा, म्हणजे फोटोचे मूळ दाणे सोबत येतात. अख्खा पडदा नवीन करावाच लागला तर उरलेल्या कोपऱ्यांतल्या छटा उचलून ग्रेडियंट बनवा, त्यावर `Filters → Noise → RGB Noise` ने करडे दाणे घाला (`Independent RGB` बंद ठेवून) आणि केसांजवळ मास्कची कड 2-3 पिक्सेल मऊ करा. 100% झूमवर बघा: साडी दाणेदार आणि पडदा गुळगुळीत दिसला, तर माणसं कापून चिकटवल्यासारखी वाटणार.

मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवा. तोच खांब, तोच जिना नातेवाइकांच्या दुसऱ्या फोटोत सापडला तर दोन्ही एकाच स्टुडिओतले असावेत असा अंदाज बांधता येतो. एका फोटोमागे गाव किंवा वर्ष लिहिलेलं असेल, तर दुसऱ्याचाही माग लागतो. नव्या पडद्यावर हा धागा उरत नाही.