रक्त, पण कुठलं?

ज्या भाषेचं व्याकरण लिहिलेलं नाही, कोश नाही, लिपीही नाही, ती शिकायला बसलेला भाषाशास्त्रज्ञ पहिल्या दिवशी काय विचारतो? बहुतेक वेळा अवयवांची नावं. डोकं, डोळा, नाक, हात. कारण साधं आहे, या वस्तू समोरच असतात, बोट दाखवता येतं आणि त्यांच्याशिवाय कुठल्याच माणसाचं चालत नाही.

हातात असते ती शब्दसूची. तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना मॉरिस स्वॉडेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात तयार केला. आधी दोनशेच्या आसपास शब्द होते, नंतर शंभरांची आटोपशीर यादीही झाली. मी, तू, पाणी, आग, झाड, कुत्रा, रक्त, हाड, खाणे, झोपणे, मरणे. असे शब्द भाषा शेजाऱ्यांकडून सहसा उसने घेत नाही, अशी त्यामागची अटकळ. ती नेहमीच खरी ठरते असं नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली घ्या. तिचं कुठल्याच ज्ञात भाषाकुळाशी नातं जुळत नाही. तिथे ‘एक’साठी ‘बिदुम’ हा तिचा स्वतःचा शब्द मिळतो, पण दोन, तीन, चार विचारले की द्राविडी वळणाचे आकडे समोर येतात, आणि बाकीच्या शब्दसंग्रहात शेजारच्या कोरकूचे शब्द पदोपदी भेटतात. म्हणून शेजारच्या भाषांच्या याद्या जवळ ठेवल्याशिवाय निहालीची यादी वाचताच येत नाही.

विचारायचं कसं, याचीही एक रीत आहे. भाषक आणि अभ्यासक या दोघांना येणारी एक मधली भाषा लागते. आपल्याकडे बऱ्याचदा ती हिंदी असते. एक शब्द निदान तीनदा म्हणवून घेतात आणि त्याचं चांगल्या प्रतीचं ध्वनिमुद्रण करतात, कारण शेजारच्या दोन आवाजांतला फरक कान पहिल्याच दिवशी पकडत नाही. ज्याला ‘ल’ आणि ‘ळ’ वेगळे ऐकू येत नाहीत, तो ‘गाल’ आणि ‘गाळ’ एकच शब्द म्हणून लिहून मोकळा होईल. शिवाय यादी वाचल्यासारखे शब्द म्हणताना माणसाचा सूर बदलतो, शेवटच्या शब्दाला तर तो हमखास खाली येतो. म्हणून नंतर तोच शब्द एका ठरावीक वाक्यात घालून पुन्हा म्हणवून घेतात.

इथवरचं काम कष्टाचं असलं तरी सरळ आहे. खरी अडचण आहे ती यादीतच. यादी एका विशिष्ट भाषेत लिहिलेली असते आणि तिच्यातले भेद त्या भाषेचे असतात. इंग्रजी यादीत पावलाला वेगळा शब्द आहे आणि मांडीपासून घोट्यापर्यंतच्या पायाला वेगळा. मराठी माणसाला दोन्ही विचारले तर तो दोन्हीकडे ‘पाय’च म्हणेल. पण समोरचा पाहुणा दोनदा विचारतोय म्हणजे त्याला दोन शब्द हवे असणार, अशा समजुतीने दुसऱ्या वेळी ‘तंगडी’ही म्हणेल. सगळ्यांत जास्त चुका याच भलेपणातून होतात, असं मला वाटतं. प्रश्नाला उत्तर देणं हे सौजन्य असतं आणि सौजन्याने दिलेलं उत्तर वहीत नियम म्हणून बसतं.

उलटही घडतं. हिंदीतून ‘हम’ विचारलं तर मराठी माणूस ‘आम्ही’ सांगेल किंवा ‘आपण’. ऐकणारा त्यात आहे की नाही, यावर आपण या दोन शब्दांत निवड करतो. हिंदी प्रश्नात हा भेदच नाही, त्यामुळे विचारणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून नुसता शब्द न विचारता प्रसंग उभा करावा लागतो. ‘तुम्ही दोघं भाऊ बाजारात जाणार आहात, मी येणार नाही. मला कसं सांगाल?’ मग, ‘मीही बरोबर येतोय. आता कसं सांगाल?’

शब्दांकडून व्याकरणाकडे जाण्याची वाट अशीच एकेक गोष्ट बदलून पाहण्याची असते. समजा, कुणी परका माणूस आपल्याकडे मराठी शिकायला बसला आहे. त्याने ‘घर’ विचारलं, मग ‘घरात’ विचारलं. त्याची पहिली नोंद असेल: ‘आत’ म्हणजे आतल्या बाजूला. मग तो ‘नदीत’ विचारतो आणि नोंद कोसळते, कारण इथे नुसता ‘त’ आहे. ‘घराला’, ‘घराचं’, ‘घरासमोर’ एवढं जमल्यावर त्याला उमगतं की तो ‘आ’ प्रत्ययाचा नाही, प्रत्यय लागण्यापूर्वी ‘घर’ स्वतःच ‘घरा’ होतं. आता तो ‘भिंत’ विचारतो, उत्तर येतं ‘भिंतीत’. ‘माळ’ विचारतो, तर ‘माळेत’. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही व्यंजनाने संपणारे, तरी रूपं वेगळी. इथे त्याला कळतं की हे अंदाजाने लिहिण्यासारखं नाही, असा प्रत्येक शब्द वेगळा विचारावा लागणार.

शेवटची पायरी म्हणजे स्वतः रूप बनवून ते भाषकापुढे ठेवणं. परका माणूस म्हणतो, ‘भिंतेत खिळा आहे.’ आपण कसंनुसं तोंड करतो. ते कसंनुसं तोंडही नोंदवायचं असतं, कारण भाषेत काय होत नाही हे कितीही तास गप्पा मुद्रित केल्या तरी कळत नसतं. मात्र ‘हे चालेल का?’ असं विचारू नये. चांगला यजमान ‘चालेल की’ म्हणणार. ‘तुम्ही कसं म्हणाल?’ हा त्यापेक्षा बरा प्रश्न, आणि तोच काही दिवसांनी वेगळ्या क्रमाने पुन्हा विचारलेला त्याहूनही बरा.

या सगळ्याची खरी परीक्षा अंदमानात पाहायला मिळते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या माजी प्राध्यापक अन्विता अब्बी या शतकाच्या सुरुवातीपासून ग्रेट अंदमानी भाषेवर काम करत आल्या आहेत. एकेकाळी हा दहा भाषांचा समूह होता. अब्बी पोहोचल्या तेव्हा उरली होती ती मुख्यतः जेरो भाषेवर आधारलेली, इतरांच्या सरमिसळीची बोली, आणि ती येणारी मोजकीच माणसं. त्यांतले एक नाओ ज्युनियर. मधली भाषा होती अंदमानी हिंदी.

‘रक्त’ हा शब्द यादीत असतोच. त्याला ग्रेट अंदमानीत काय म्हणतात, एवढाच प्रश्न. पण नाओंच्या दृष्टीने तो अर्धाच होता. रक्त कुठून येतंय, ते आधी सांगायला हवं. अब्बींनी बोटावरचं असं सांगितलं, तर उत्तर आलं ‘ओंगतेइ’. पायाचं रक्त ‘ओतेइ’. शरीराच्या आत झालेला रक्तस्राव ‘एतेइ’.

कल्पना करा की ही तीन उत्तरं तीन वेगवेगळ्या दिवशी मिळाली आहेत आणि प्रश्न मात्र तिन्ही वेळा एकच होता. घाईतला अभ्यासक लिहील की भाषक गोंधळतो, त्याला भाषा नीट आठवत नाही. विसरत चाललेल्या भाषेच्या बाबतीत हा संशय अगदी पटण्याजोगा असतो, म्हणूनच तो घातक. गोंधळ आणि व्यवस्था यांतला फरक ओळखण्याचा उपाय म्हणजे इतर शब्दांकडे वळणं. तिन्ही उत्तरांत ‘तेइ’ कायम आहे, बदलतो तो सुरुवातीचा तुकडा. मग तो तुकडा आणखी कुठे भेटतो का? ‘ओंग’ बोटांसारख्या टोकाच्या अवयवांच्या नावांपुढे भेटतो, ‘ओ’ पायाशी निगडित शब्दांपुढे, ‘ए’ पोटातल्या अवयवांपुढे. गोंधळलेला माणूस इतका शिस्तीत चुकत नाही.

अब्बींच्या मांडणीत असे सात वर्ग आहेत. तोंड आणि त्याच्याशी अर्थाने जोडलेलं, शरीराचे बाहेरचे मोठे भाग, टोकाचे भाग, शरीरातून बाहेर पडणारं आणि अंश-अंशी नात्याचं, आतले अवयव, गोलाकार भाग व जननेंद्रियं, आणि पाय. अवयवाचं नाव यांतल्या खुणेशिवाय सुटं उच्चारताच येत नाही. 19व्या शतकात एम. व्ही. पोर्टमन यांच्यासारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अंदमानी भाषांतल्या या उपसर्गांची दखल घेतली होती. पण अब्बींच्या लक्षात आलं की ही वाटणी अवयवांपाशी थांबत नाही, ती क्रियापदांतही शिरते. ‘शिले’ म्हणजे नेम धरणं. ‘उतशिले’ म्हणजे वरून नेम धरणं, मासा मारताना धरतात तसा. ‘अराशिले’ म्हणजे लांबून धरलेला, रानडुकरावर धरतात तसा. ‘एशिले’ म्हणजे आरपार भोसकण्यासाठी धरलेला. जग पाहण्याची अवघी चौकटच माणसाच्या देहावर बेतलेली आहे आणि ती ‘नेम धरणे’ एवढं एकदाच विचारून हाती लागली नसती.

म्हणून अनुभवी अभ्यासक यादी लवकरात लवकर बाजूला ठेवतात. वाक्यांचं भाषांतर करून घेण्यातही धोका असतो. हिंदी वाक्य ऐकल्या ऐकल्या माणूस हिंदीच्याच क्रमाने आपले शब्द मांडू लागतो, मग वहीत येते ती त्याच्या भाषेच्या कपड्यातली हिंदी. त्यावर तोडगा म्हणजे शब्दांवाचून विचारणं. मर्सर मेयर यांचं बेडूक हरवलेल्या मुलाचं एक पुस्तक आहे, 1969 सालचं, त्यात केवळ चित्रं आहेत. जगभर कितीतरी भाषांत त्याची गोष्ट सांगवून घेतली गेली आहे. चित्र पाहून सांगताना वाक्य सांगणाऱ्याचं स्वतःचं असतं. ते मुद्रित झालं की पुन्हा थोडं थोडं ऐकवून भाषकासोबत लिहून काढायचं. मिनिटभराच्या बोलण्याला या लेखनात तास जाणं नवलाचं नाही. प्रश्नोत्तरांतून बांधलेला नियम इथे टिकला नाही, तर शंका आधी नियमावर घ्यायची.

वनस्पती-प्राण्यांच्या नावांपाशी मात्र भाषाशास्त्रज्ञाचं स्वतःचं ज्ञान तोकडं पडतं. ‘पक्षी’ यादीत एकच शब्द असतो. बेटावर वाढलेल्या माणसाला नुसतं ‘आणखी कुठले पक्षी?’ विचारलं तर चार-दोन नावांपुढे गाडी सरकत नाही, कारण नावं आठवतात ती पक्षी दिसल्यावर. इथे अब्बींना साथ मिळाली पुण्याचे पक्षितज्ज्ञ डॉ. सतीश पांडे यांची. दोघांनी मिळून ग्रेट अंदमानी लोकांच्या पक्ष्यांवरचं पुस्तक 2011 मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात नावांबरोबर त्यांचं वर्गीकरण आणि श्रद्धाही आहेत. छायाचित्रं दाखवून नावं विचारण्याचे नियम वेगळे आहेत. छायाचित्रात आकार कळत नाही, चिमणीएवढा पक्षी आणि गरुड कागदावर एकाच मापाचे दिसतात. म्हणून आवाज ऐकवावा लागतो, तो कुठे बसतो आणि काय खातो हे विचारावं लागतं. तिथे राहत नसलेल्या पक्ष्याचं एखादं चित्रही मुद्दाम मध्ये ठेवतात. त्यालाही नाव मिळालं, तर भाषक पुन्हा पाहुण्याचं मन राखतो आहे असं समजून बैठक आवरती घ्यावी आणि उरलेली चित्रं दुसऱ्या दिवशी दाखवावीत.