कोणत्या प्याद्याने मारायचे?

रुय लोपेझच्या एक्स्चेंज प्रकारात पांढरा चौथ्या खेळीला उंटाने सी६वरचा घोडा मारतो. आता उलट मारायचे ते बी प्याद्याने की डी प्याद्याने? पटाच्या मध्याकडे मारावे, हा रूढ नियम बी प्यादे सुचवतो. तरीही जाणकार बहुधा डी प्यादेच निवडतात. त्याने काळ्याचा वजीर आणि उंट लगेच मोकळे होतात. पांढऱ्या घोड्याने ई५वरचे प्यादे खाल्लेच, तर वजीर डी४वर येऊन घोडा आणि ई४चे प्यादे दोन्हींवर हल्ला करतो. प्यादे परत मिळते.

किंमत मात्र खरी आहे. सी पट्टीवर दोन प्यादी एकामागे एक अडकतात, आणि राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार विरुद्ध तीन अशी आघाडी होते. सगळी मोहरी संपली, तर हा डाव सहसा पांढराच जिंकतो. म्हणून काळ्याने आपली उंटांची जोडी जपावी, घाईने मारामारी करू नये. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गला लास्करने याच प्रकारात कापाब्लांकाला हरवले होते.